रेंज गेल्यावर उरणारे तिकीट

गणपती विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस कोकणातल्या रेल्वे स्थानकांवर मुंबईकडे परतणाऱ्यांची रीघ लागते. कुडाळच्या फलाटावर अशा दुपारी पाय ठेवायला जागा नसते. मोबाइलच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण पान काही उघडत नाही. काड्या दिसतात याचा अर्थ फोनला टॉवर सापडला एवढाच. त्या एकाच टॉवरवर शेकडो फोन एकाच वेळी ओढ घेत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा डेटा थेंबाथेंबाने येतो.

समजा, या गर्दीत चौघांचे एक कुटुंब उभे आहे: आजी, आई, वडील आणि नववीतली मुलगी. ठाण्याला जायचे आहे आणि मडगावहून मुंबईला जाणारी १०१०४ मांडवी एक्स्प्रेस पकडायची आहे. आरक्षण खुले होताच वडिलांनी आयआरसीटीसीवर तिकीट काढले होते. तेव्हा दोघांना जागा मिळाली आणि दोघे वेटिंगवर राहिले. पैसे भरल्यावर पडद्यावर आलेल्या पानाचा त्यांनी स्क्रीनशॉट घेतला आणि विषय मिटला असे मानले. आता गाडी यायला दहा मिनिटे आहेत. ते गॅलरी उघडतात, तर तिकिटाच्या जागी एक धुरकट चौकोन दिसतो. त्यावर बोट ठेवले की गोल चक्र फिरत राहते.

हा चौकोन धुरकट का झाला, आणि स्क्रीनशॉटऐवजी डाउनलोड केलेली पीडीएफ असती तर ही वेळ टळली असती का, हे समजून घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. टीसी जेव्हा तिकीट मागतो, तेव्हा तो नेमके काय तपासतो?

आरक्षित ई-तिकीट ही नोटेसारखी वस्तू नाही. ज्याच्या हातात ती त्याची मालकी, असा तिथे प्रकार नसतो. खरी नोंद रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेत असते. गाडी सुटण्याच्या काही तास आधी त्या नोंदींचा चार्ट तयार होतो आणि टीसीच्या हातातल्या यंत्रावर किंवा कागदी यादीत पोचतो. कोणत्या डब्यात, कोणत्या बर्थवर, कोणत्या नावाचा, किती वयाचा प्रवासी आहे, हे टीसीला आधीच ठाऊक असते. प्रवाशाने दाखवलेले तिकीट त्या नोंदीकडे बोट दाखवते आणि ओळखपत्र सांगते की नोंदीतला माणूस हाच. म्हणूनच अशा तिकिटाच्या दहा प्रती निघाल्या तरी रेल्वेचे काही बिघडत नाही. बर्थ एकच आहे, त्यावरचे नाव एकच आहे.

या कारणामुळे नियमही सैल आहे. छापलेली आरक्षण स्लिप, मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारी तीच स्लिप आणि आयआरसीटीसीकडून आलेला एसएमएस, यांपैकी काहीही चालते. सोबत, त्या तिकिटावरच्या निदान एका प्रवाशाकडे अस्सल ओळखपत्र हवे. यांपैकी काहीच दाखवता आले नाही, पण नाव चार्टवर आहे आणि ओळखपत्र जवळ आहे, तर टीसी तिकिटामागे पन्नास रुपये घेऊन तशी पावती देतो आणि प्रवास पुढे चालू राहतो. उलट, ओळखपत्रच नसेल तर त्या तिकिटावरचे सगळे प्रवासी विनातिकीट ठरतात. मग पूर्ण भाडे आणि त्यावर भाड्याइतका किंवा किमान अडीचशे रुपयांचा दंड भरावा लागतो.

मुंबईच्या लोकलचे मोबाइल तिकीट मात्र अगदी वेगळ्या जातीचे. रेलवन अॅपवरून काढलेल्या अनारक्षित तिकिटाला चार्ट नसतो. ठाणे ते दादर जाणाऱ्याची नोंद टीसीच्या यादीत कुठेच नसते, म्हणून तिथे तिकीट हाच एकमेव पुरावा. त्याचा स्क्रीनशॉट चालला असता, तर एका तिकिटावर सगळी मित्रमंडळी फिरून आली असती. त्यामुळे हे तिकीट अॅपमध्येच, Show Ticket या बटणाखालीच दाखवावे लागते आणि स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही. दिलासा एवढाच की तिकीट काढताना इंटरनेट लागते, दाखवताना लागत नाही. ज्या फोनवर ते काढले त्याच फोनमध्ये ते साठवलेले असते. म्हणजे लोकलच्या प्रवाशासाठी स्क्रीनशॉट की पीडीएफ हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला चिंता करायची ती बॅटरीची.

आणखी एक गल्लत नेहमी होते. आरक्षण खिडकीवर रांगेत उभे राहून काढलेल्या कागदी तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून अनेक जण मूळ तिकीट घरी विसरतात. खिडकीवरचे तिकीट हे मूळ कागदानेच सिद्ध होते. त्याचा फोटो चालत नाही आणि त्याच्याबद्दल आलेला एसएमएसही त्याची जागा घेत नाही. ई-तिकिटाला मिळालेली सवलत त्याला लागू नाही.

आता पुन्हा कुडाळच्या फलाटावर.

स्क्रीनशॉटचे मोठे बळ म्हणजे वेग. दोन बटणे एकत्र दाबली की काम झाले. तो उघडायला वेगळे अॅप लागत नाही, लॉगिन लागत नाही. गॅलरीत ताजा फोटो सगळ्यात वर असतो. ज्यांना फायली, फोल्डर यांची सवय नाही अशा आजी-आजोबांनाही फोटो उघडता येतो. पण स्क्रीनशॉट फक्त त्या क्षणी पडद्यावर जेवढे दिसत होते तेवढेच टिपतो. आरक्षण स्लिप ए-फोर आकाराच्या कागदासाठी मांडलेली असते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तिचा वरचा भाग दिसतो: पीएनआर, गाडी, तारीख, चढण्याचे स्थानक. प्रवाशांची नावे खाली राहतात. आपल्या कुटुंबाच्या स्क्रीनशॉटमध्ये आजी आणि आई एवढी दोनच नावे आली होती. वडील आणि मुलगी पडद्याच्या खालच्या कडेखाली अडकली होती. घाईत हे कुणाच्या लक्षात आले नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. वडिलांनी तो फोटो व्हॉट्सअॅपवर आईला पाठवला. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना डेटा वाचवण्यासाठी तो दाबून लहान करते. निसर्गदृश्यात हा फरक कळत नाही, पण बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. ३ आणि ८, ५ आणि ६ यांच्यात गोंधळ व्हायला लागतो. दहा आकडी पीएनआरमधला एक आकडा चुकला की नोंद सापडत नाही. फोटो एकाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून पुन्हा कुणाचा तरी स्क्रीनशॉट, असा फिरला तर अक्षरे आणखी विरतात.

पीडीएफचे बळ नेमके इथे आहे. तिच्यात अक्षरे अक्षरे म्हणूनच साठवलेली असतात, चित्रातले ठिपके म्हणून नव्हे. कितीही मोठी करून पाहिली तरी कडा धारदार राहतात. पूर्ण स्लिप एकाच फायलीत असते: चारही नावे, प्रत्येकापुढची जागेची स्थिती, भाडे, क्यूआर कोड. व्हॉट्सअॅपवर ती फोटो म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. पीएनआर त्यातून कॉपी करून घेता येतो. आणि कुणाला कागदच हवा असेल, तर झेरॉक्सच्या दुकानात तीच फाइल छापून मिळते.

पण पीडीएफचा एक फसवा चेहरा आहे. पीडीएफ दिसणे आणि पीडीएफ फोनमध्ये असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईमेलमधल्या फायलीवर बोट ठेवले की ती उघडते. वाचून झाले की माणूस मागे येतो आणि समजतो की तिकीट आपल्याकडे आले. प्रत्यक्षात त्याने ती दूरच्या सर्व्हरवरून आणून फक्त पाहिलेली असू शकते. ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडी ठेवलेली पीडीएफही अशीच. फोनला जागा कमी पडली की तो जुने टॅब मागच्या मागे बंद करतो, आणि त्या टॅबवर परत गेल्यावर पान नव्याने मागवायला निघतो. रेंज नसेल तर पडद्यावर ऑफलाइन असल्याचा संदेश येतो. गूगल ड्राइव्हमध्ये ठेवलेली फाइलही नाव दाखवते, पण ती ऑफलाइन ठेवायला सांगितलेली नसेल तर उघडत नाही. आयआरसीटीसीच्या अॅपमधून तिकीट पाहण्याचा भरवसाही धरू नये. लॉगिन मागितले आणि नेट नसले, तर दार तिथेच बंद होते.

स्क्रीनशॉटलाही हेच संकट वेगळ्या वाटेने येते आणि आपल्या कुटुंबाच्या बाबतीत ते आले. फोनची जागा भरल्याची सूचना आली तेव्हा वडिलांनी गूगल फोटोजमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय दाबला. त्या पर्यायाने क्लाउडवर बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढून टाकले जातात आणि गॅलरीत त्यांची छोटी छाया उरते. नेट असताना बोट ठेवले की मूळ फोटो परत येतो, म्हणून तो गेला आहे हे कळतच नाही. आयफोनमध्येही जागा वाचवण्याची अशीच सोय आहे. दोन महिन्यांपूर्वीचा स्क्रीनशॉट अशा सफाईत सहज सापडतो. कुडाळला दिसलेला धुरकट चौकोन म्हणजे ती छाया. तिकीट त्या फोनमध्ये नव्हतेच.

म्हणून स्क्रीनशॉट असो की पीडीएफ, परीक्षा एकच आणि ती घरीच घ्यायची. फोन विमान मोडवर टाकायचा आणि वायफायही बंद आहे ना ते पाहायचे, कारण काही फोनमध्ये विमान मोड लावला तरी वायफाय चालू राहते. सगळी अॅप बंद करून तिकीट उघडायचे. ते पूर्ण उघडले, शेवटच्या प्रवाशाचे नाव वाचता आले, तर तिकीट फोनमध्ये आहे. चक्र फिरले किंवा अक्षरे धुरकट राहिली, तर नाही. पीडीएफसाठी अँड्रॉइड फोनमध्ये ती डाउनलोड फोल्डरमध्ये दिसते का ते पाहावे. आयफोनमध्ये फाइल साठवताना iCloud Drive ऐवजी On My iPhone ही जागा निवडावी. फायलीला स्वतःचे नाव दिले, उदाहरणार्थ कुडाळ-ठाणे आणि तारीख, तर फलाटावर शोधाशोध होत नाही.

इथवरचा निकाल पीडीएफच्या बाजूने लागतो. पण एक अडचण अशी आहे की तिच्यापुढे दोन्ही सारख्याच हतबल आहेत.

फाइल गोठलेली असते आणि तिकीट जिवंत असते. आरक्षण केल्यापासून चार्ट लागेपर्यंत जागेची स्थिती बदलत राहते. आपल्या कुटुंबाचे तिकीट काढले तेव्हा वडील आणि मुलगी वेटिंगवर होते. त्या दिवशीची पीडीएफ शेवटपर्यंत त्यांना वेटिंगवरच दाखवणार, जरी मधल्या काळात कुणी तिकीट रद्द केल्याने दोघांना जागा मिळाली असली तरी. उलटही होते आणि ते जास्त धोक्याचे. ई-तिकिटावरचे सगळे प्रवासी चार्ट लागल्यावरही वेटिंगवर राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे परत जातात. फोनमधली पीडीएफ मात्र पहिल्या दिवसासारखीच टवटवीत दिसते, तोच क्यूआर कोड, तीच नावे. ती पाहून गाडीत चढणारा माणूस विनातिकीट प्रवासी असतो. चढण्याचे स्थानक बदलले किंवा एकाच तिकिटावरच्या एखाद्याचा प्रवास रद्द केला, तरी जुनी फाइल जुनीच गोष्ट सांगत राहते.

पूर्वी फलाटावर गाडी लागली की लोक डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या चार्टवर आपले नाव शोधायचे. मोठ्या स्थानकांवर ही पद्धत २०१८ पासून बंद होत गेली. कोणत्या डब्यात चढायचे हे सांगायला आता फोनच उरला, आणि फोनमध्ये दोन महिन्यांपूर्वीची फाइल असेल तर तो चुकीच्या डब्याकडे नेऊ शकतो.

इथे दोन साधने कामी येतात आणि दोन्ही साधी आहेत. पहिले म्हणजे एसएमएस. चार्ट तयार झाला की आयआरसीटीसीला दिलेल्या नंबरवर डबा आणि बर्थ सांगणारा संदेश येतो. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. तो फोनच्या साध्या सेवेवरून येतो, त्यामुळे पान उघडत नसतानाही तो पोचण्याची शक्यता बरीच असते, आणि एकदा आला की फोनमध्येच राहतो. फक्त एक अट: बुकिंग करताना प्रवास करणाऱ्याचाच नंबर दिलेला हवा. मुलाने पुण्यात बसून आईवडिलांचे तिकीट काढले आणि स्वतःचा नंबर दिला, तर संदेश पुण्यात पोचतो आणि आईवडील फलाटावर फोनकडे पाहत बसतात. अशा वेळी मुलाने तो संदेश एसएमएसनेच पुढे पाठवावा.

दुसरे साधन म्हणजे स्क्रीनशॉटच, पण वेगळ्या वेळी घेतलेला. चार्ट लागल्यानंतर, घरून निघण्याआधी, जिथे नेट चांगले आहे तिथे पीएनआरची स्थिती पाहायची आणि त्या पानाचा फोटो घ्यायचा. त्यात दोनच गोष्टी हव्यात: पीएनआर आणि प्रत्येकापुढचा शेवटचा डबा-बर्थ. एका पडद्यात हे मावते. इथे स्क्रीनशॉटचा अपुरेपणा आड येत नाही, कारण त्याच्याकडून पूर्ण तिकीट होण्याची अपेक्षाच नाही. वेळ असेल तर त्याच बैठकीत तिकिटाची पीडीएफही पुन्हा डाउनलोड करावी, म्हणजे तिच्यातही ताजी स्थिती येते. मग जुनी पीडीएफ पुसून टाकावी. एकाच गाडीच्या दोन फायली फोनमध्ये राहिल्या, तर गर्दीत नेमकी जुनी उघडते.

राहिले ओळखपत्र, आणि नियमाच्या नजरेने पाहिले तर सगळ्यात जड वजन त्याचेच आहे. तिकीट उघडले नाही तर पन्नास रुपये जातात. ओळखपत्र नसेल तर प्रवासच विनातिकीट ठरतो. तरीही तिकिटाच्या फायलीची काळजी घेणारे बरेच जण आधार कार्डाचा गॅलरीतला फोटो पुरेसा मानतात. तो पुरेसा नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारी यंत्रणेकडून थेट आलेले आधार किंवा वाहन परवाना रेल्वे मान्य करते, पण आपण स्वतः फोटो काढून तिथे चढवलेले कागद नाही. आणि डिजिलॉकर उघडायला नेट लागू शकते, म्हणजे कुडाळच्या फलाटावर तेच चक्र पुन्हा फिरणार. पाकिटातले प्लास्टिकचे कार्ड या सगळ्यातून माणसाला सोडवते.

आता तेच कुटुंब, तोच फलाट, पण तयारी वेगळी. प्रवासाच्या दिवशी सकाळी गावच्या घरी, अंगणाच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे उभे राहून वडील पीएनआर पाहतात. चौघांनाही जागा मिळाली आहे. आजीचा बर्थ एका डब्यात, बाकी तिघांचे शेजारच्या डब्यात. ते या पानाचा स्क्रीनशॉट घेतात, पीडीएफ नव्याने डाउनलोड करतात, जुनी पुसतात आणि दोन्ही गोष्टी आईच्या फोनवर पाठवतात, पीडीएफ दस्तऐवज म्हणून. आई ती उघडून विमान मोडवर तपासते. मुलगी वहीच्या पानावर पीएनआर आणि चौघांचे डबे-बर्थ लिहून तो कागद आजीच्या पिशवीत ठेवते, शेजारी आजीचे आधार कार्ड. दोन्ही फोन चार्जरला लावले जातात.

फलाटावर नेट बंदच असते. वडील स्क्रीनशॉट उघडून डब्याची जागा पाहतात आणि सगळे योग्य ठिकाणी उभे राहतात. गाडी येते. आजीला तिच्या जागेवर बसवून तिघे पलीकडे जातात.

रत्नागिरी मागे पडते, भोके स्थानक जाते आणि गाडी करबुडेच्या बोगद्यात शिरते. कोकण रेल्वेवरचा हा सगळ्यात लांब बोगदा, सुमारे साडेसहा किलोमीटरचा. खिडक्या काळ्या होतात आणि फोनच्या कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या काड्याही जातात. नेमका तेव्हाच टीसी येतो. वडील डाउनलोड फोल्डरमधली फाइल उघडतात आणि पाकिटातले कार्ड पुढे करतात. टीसी आपल्या यंत्रावरची तीन नावे पाहतो, कार्डावरचा चेहरा पाहतो आणि विचारतो, “चौथ्या कुठे आहेत?”

“आई पलीकडच्या डब्यात आहे, खिडकीशी. तिच्याकडे कार्ड आहे.”

टीसी मान डोलावतो, तिन्ही नावांवर खूण करतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो. गाडी अजून बोगद्यातच असते.